स्थलांतराच्या पोस्टमध्ये नव्या पत्त्याची स्लाइड

प्रश्न: वडिलांनी सुरू केलेले आमचे भांड्यांचे दुकान जळगावातल्या सुभाष चौकातून रिंग रोडला हलवत आहोत. इन्स्टाग्रामसाठी कॅरोसेल करायचे आहे. ग्राहकांचे आभार आधी मानावेत की नवा पत्ता आधी द्यावा?

उत्तर: पहिल्या स्लाइडवर जुन्या दुकानाचे छायाचित्र आणि मोठ्या अक्षरांत ‘आता रिंग रोडवर’ एवढेच असावे. सुरुवातच ‘इतक्या वर्षांच्या प्रेमाबद्दल धन्यवाद’ अशी केली, तर पुढे न सरकवणाऱ्यांना दुकान बंद झाले असे वाटते आणि ती बातमी गावात तुमच्या पोस्टच्या आधी पोहोचते.

आभार दुसऱ्या स्लाइडवर मानावेत, पण ते भांड्यांच्या दुकानाचेच वाटावेत. ज्यांच्या लग्नाचा रुखवत आणि पुढे लेकीचाही रुखवत तुमच्याकडून गेला, त्यांचा उल्लेख करा. नव्या जागीही जुन्या पितळेची मोड घेणार असाल, कोणाची आगाऊ रक्कम जमा असेल किंवा भांडी कल्हईला दिलेली असतील, तर त्याचा खुलासा तिसऱ्या स्लाइडवर स्पष्ट करा, कारण जुन्या गिऱ्हाइकाला पहिली काळजी त्याचीच असते.

खरे काम चौथ्या स्लाइडचे आहे. ती एकटीच व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवली जाते, म्हणून दुकानाचे नाव, फोन, वेळ आणि साप्ताहिक सुट्टी तिच्यावर पुन्हा लिहावी. चोपडा किंवा यावलहून एसटीने येणाऱ्या माणसाला प्लॉट क्रमांकाचा उपयोग नसतो; त्याला नवीन बसस्थानकापासून रिक्षावाल्याला काय सांगायचे ते हवे असते. त्यामुळे बहिणाबाई उद्यानासारखी सर्वांना ठाऊक असलेली जवळची खूण आधी आणि पोस्टाचा पत्ता त्याखाली द्यावा. गूगल नकाशाचे छायाचित्र लावण्यापेक्षा दोन रस्ते आणि तीन खुणा दाखवणारा साधा आराखडा लहान पडद्यावर अधिक वाचता येतो. क्यूआर कोड मात्र येथे घालू नये, कारण ज्या मोबाइलवर पोस्ट पाहिली जाते त्याच्याच कॅमेऱ्याने तो टिपता येत नाही. तो जुन्या शटरवरच्या फलकावर लावावा. पोस्टखालच्या मथळ्यातला दुवाही दाबून उघडत नाही, त्यामुळे नकाशाचा दुवा प्रोफाइलवर ठेवावा.

सर्व स्लाइड १०८० × १३५० पिक्सेलच्या करा आणि मजकूर कडांपासून आत ठेवा, कारण प्रोफाइलच्या जाळीत बाजू थोड्या कापल्या जातात. पोस्ट टाकल्यानंतर मथळा दुरुस्त करता येतो, पण स्लाइडवरचे चित्र बदलता येत नाही. म्हणून फर्निचरचे काम रेंगाळण्याची शक्यता असेल तर उद्घाटनाची तारीख मथळ्यातच लिहावी.

माझ्या मते हे सारे आखाजीच्या दोन-तीन आठवडे आधी उरकावे, कारण सुरत-पुण्याहून माहेरी येणाऱ्या लेकी सवयीने जुन्याच दुकानाकडे वळतात. त्याच दिवशी गूगलवरच्या तुमच्या जुन्याच नोंदीत पत्ता बदला. नवी नोंद उघडली तर जुने अभिप्राय मागे राहतात आणि शोधणाऱ्याला एकाच नावाची दोन दुकाने दिसतात.