जॉइंट उताऱ्यातून आपला हिस्सा वेगळा काढायचा असेल तर

प्रश्न: खानापूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित ४ एकर २० गुंठे शेती आहे. बाबा वारले, मग आई, दादा, मी आणि लग्न झालेली बहीण अशी चौघांची नावं उताऱ्यावर लागली. मला माझं वेगळं करायचंय, दादा नंतर बघू म्हणतो. काय करू?

उत्तर: मी बेळगावात दस्त लिहायचं काम करतो, रोज हेच बघतो. उताऱ्यावर नावं लागली म्हणजे वारसा नोंद झाली, वाटणी नाही झाली. आज बांधाच्या कुठल्याही एका बाजूला बोट दाखवून हे माझं असं तुमच्यापैकी कोणीच म्हणू शकत नाही, आख्ख्या जमिनीत चौघांचा हिस्सा आहे.

हिस्सा किती ते आधी बघा. ४ एकर २० गुंठे म्हणजे १८० गुंठे. तुम्ही हिंदू असाल आणि बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर चौघांना सारखेच, प्रत्येकी ४५ गुंठे. बहिणीचं लग्न झालंय म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही, सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये हे पक्कं केलंय. ती नको मला म्हणत असली तरी तोंडी चालत नाही, रजिस्टर हक्कसोडपत्र लागतं, आणि कृपा करून तिला गोड बोलून गप्प बसवून सही घेऊ नका, तिला नीट समजावून सांगा. अजून एक, उताऱ्यात खराबा किती दाखवलाय तो बघा, रस्ता नाहीतर ओढ्याचा ब खराबा असेल तर तो वाटता येत नाही, तेवढं क्षेत्र वजा करूनच भागा.

दादा तयार झाला तर काम सोपं आहे. पहिल्यांदा सर्वे खात्यात ११ई स्केचसाठी अर्ज करायचा. सर्वेवाला येऊन मोजतो आणि कुणाचा तुकडा कुठला ते नकाशावर पाडतो. पावसाळ्यात आपल्याकडं भाताच्या खाचरात पाणी असतं, मोजणी होत नाही, म्हणून सुगी झाली की लगेच अर्ज टाका. मग ते स्केच जोडून वाटणीपत्र सब-रजिस्ट्रारकडं रजिस्टर करायचं. घरच्या घरात वाटणी असेल तर स्टॅम्प जमिनीच्या किमतीवर नसतो, दर हिश्शाला ठरलेली रक्कम असते, आजचा दर तिथंच विचारा. रजिस्टर झालं की माहिती तहसीलदाराकडं जाते, हरकतीची मुदत संपली की म्युटेशन होतं आणि प्रत्येकाला वेगळा हिस्सा नंबर, वेगळा उतारा मिळतो. दस्त कन्नडमध्ये असतो, सही करायच्या आधी कुणाकडून तरी ओळ न् ओळ मराठीत समजून घ्या.

भांडणं मात्र गुंठ्यांवरून कमी आणि पाण्यावरून, वाटेवरून जास्त होतात. समजा विहीर दादाच्या तुकड्यात गेली आणि तुमचा तुकडा पाठीमागं आला, तर विहिरीत चौघांचा हक्क, पाण्याची पाळी, पाइपलाइन कुठून न्यायची, मोटरचं बिल कोण भरणार आणि किती फुटांची गाडीवाट सोडायची हे सगळं वाटणीपत्रात लिहा, वाट स्केचमध्येही दाखवून घ्या. खालचं खाचर आणि वरचा माळ यांची किंमत सारखी नसते. ज्याला खाचर जातं त्यानं थोडे गुंठे कमी घ्यायचे नाहीतर वरून पैसे द्यायचे, तेही दस्तात यायला पाहिजे.

दादा ऐकतच नसेल तर वकिलाकडून नोटीस द्या आणि सिव्हिल कोर्टात वाटणीचा दावा घाला. एकट्यानंही घालता येतो, बाकीच्यांची संमती लागत नाही. फक्त आई, बहीण, दादा सगळ्यांना पार्टी करा आणि जमिनीबरोबर घर, परसू जे काय सामाईक आहे ते सगळं घाला, नाहीतर अर्धवट दावा म्हणून तिथंच अडकतो. कोर्ट आधी प्राथमिक डिक्री देतं, त्यात प्रत्येकाला एक चतुर्थांश एवढंच ठरतं. बरेच जण इथंच जिंकलो म्हणून थांबतात आणि वर्षानुवर्षं ताबा मिळत नाही. तुकडे पाडायला फायनल डिक्रीची प्रोसिडिंग चालवावी लागते. कर्नाटकात शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणीही कोर्टच करतं, गरज पडली तर तहसीलदाराच्या दर्जाच्या महसूल अधिकाऱ्याचा नाहीतर कमिशनरचा अहवाल मागवतं, घरासाठी कोर्ट कमिशनर नेमतं, आणि घराचे चार भाग होऊच शकत नसतील तर विकून पैसे वाटायचा हुकूम होऊ शकतो. मधेच दादानं जमीन विकली तरी घेणाऱ्याला दाव्याचा निकाल बांधून राहतो, तरी मनाई हुकूम मागून ठेवा. दावा चालू असताना कधीही तडजोड करता येते, त्यामुळं दावा घातला म्हणजे दादाशी बोलणं तुटलं असं नाही.

आधी एकदा आई आणि बहिणीला घेऊन दादासमोर बसा, जाताना उतारा आणि गावच्या नकाशाची कॉपी न्या आणि विहीर, वाट याचाच विषय पहिला काढा.