मायची शुश्रूषा

प्रश्न : मायच्या खुब्याचं ऑपरेशन जळगावला झालं. डॉक्टरांसाठी मेसेज लिहिला : ‘थँक्यू सो मच सर! ऑपरेशन एकदम भारी झालं. सिस्टर लोकांचे पण धन्यवाद मानतो, त्यांनी लय सेवा-सुश्रुषा केली. मायला अहिराणीशिवाय काही येत नाही, रात्री दहादा हाक मारायची, तरी कोणी चिडलं नाही. तुम्ही देव आहात!’ याची छोटी, मनापासूनची चिठ्ठी करून द्याल का?

उत्तर : आधी ‘धन्यवाद मानतो’ खोडा. धन्यवाद म्हणजे समोरच्याला ‘धन्य’ म्हणणं. ते द्यायचे असतात. मानायचे ते आभार. हल्ली प्रत्येक कार्यक्रमात सूत्रसंचालक धन्यवाद मानतो आणि माझे कान किटतात.

आता ‘सुश्रुषा’. हा ‘सु’ चांगल्याचा ‘सु’ नव्हे, आणि सुश्रुत वैद्याच्या नावातलाही नव्हे. शब्द आहे शुश्रूषा : पहिला शु ऱ्हस्व, दुसरा श्रू दीर्घ. धातू श्रु, म्हणजे ऐकणे. ज्ञा पासून जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, पा पासून पिण्याची इच्छा ती पिपासा, तशी ऐकण्याची इच्छा ती शुश्रूषा. शिष्य गुरूचं ऐकायला तत्पर असे, त्यावरून सेवा हा अर्थ आला. मूळ अर्थ मेला, आता त्याचं काय, असं काही पंडित म्हणतात. मला मुळीच पटत नाही. मध्यरात्री तुमची माय ‘मना पाय दुखस’ म्हणाली आणि कोणीतरी उठून ते ऐकलं, हीच शुश्रूषा!

आणखी गंमत म्हणजे ‘चिकित्सा’ही याच घडणीची. पाणिनीच्या परंपरेत तिचा धातू कित्, रोग दूर करणे या अर्थाचा. मला मात्र तिथे चित्, म्हणजे नीट पाहणे, जाणणे, हाच दिसतो. रोग बरा करण्याआधी तो ओळखावा लागतो. डॉक्टरांची चिकित्सा, सिस्टरांची शुश्रूषा, दोन्ही एकाच साच्यातून निघालेले शब्द. ‘सिस्टर’ काढून ‘परिचारिका’ घाला असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. मायनं ज्या नावानं हाक मारली, तेच चिठ्ठीत हवं.

हो, चिठ्ठी राहिलीच. ‘देव आहात’ काढलं आहे. ते कोणालाही म्हणता येतं, रात्रीची हाक फक्त तुमच्याच मायची आहे. कागदावर हातानं लिहा, टाके काढायला जाल तेव्हा द्या आणि वॉर्डातल्या सिस्टरांना वेगळी प्रत द्या, नाहीतर ती डॉक्टरांच्या टेबलावरच राहते.

‘आदरणीय डॉक्टर आणि सर्व सिस्टर,
आमच्या मायचं खुब्याचं ऑपरेशन तुम्ही नीट पार पाडलंत. तिला अहिराणीशिवाय दुसरी भाषा येत नाही. रात्री ती वारंवार हाक मारायची, आणि दर वेळी सिस्टर येऊन तिचं ऐकून घ्यायच्या. एकदाही कोणी चिडलं नाही. तुमची चिकित्सा आणि शुश्रूषा आम्ही विसरणार नाही. आम्ही सगळे तुमचे मनापासून आभारी आहोत.’