निधन वार्तेतील ‘सर्व्हाइव्ड बाय’

प्रश्न : माझ्या आत्याचे न्यू जर्सीत निधन झाले. तिच्या मुलाने इंग्रजी निवेदन पाठवले आहे. त्यात ‘पास्ड अवे पीसफुली ॲट होम, एज्ड ८२’, ‘प्रीडिसीज्ड बाय हर हजबंड’, ‘सर्व्हाइव्ड बाय’ आणि शेवटी फुलांऐवजी देणगी द्यावी, असे आहे. सांगलीच्या वर्तमानपत्रात निधन वार्तेसाठी ते मराठीत कसे लिहावे?

उत्तर : प्रथम हे ठरवावे लागेल की, मजकुरात बोलणार कोण आहे. पैसे भरून छापायच्या जाहिरातीत कुटुंब बोलते, म्हणून तेथे ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’, ‘दुःखद निधन’ आणि शेवटी ‘शोकाकुल’ हे शब्द शोभतात. निधन वार्तेत वर्तमानपत्र बोलते, तेथे ‘दुःखद’ गळते आणि नुसते ‘निधन झाले’ उरते. दोहोंची सरमिसळ झाली, तर उपसंपादक पहिली कात्री ‘दुःखद’लाच लावतो. आपल्याला वार्ता हवी आहे, तेव्हा ती अशी होईल :

‘मूळच्या सांगलीच्या व सध्या अमेरिकेत न्यू जर्सी येथे वास्तव्यास असलेल्या श्रीमती (पूर्ण नाव) यांचे मंगळवारी (ता. ११) राहत्या घरी वृद्धापकाळाने निधन झाले. त्या ८२ वर्षांच्या होत्या. त्यांच्यामागे दोन मुलगे, सुना, एक मुलगी, जावई, नातवंडे असा परिवार आहे. कै. (पतीचे नाव) यांच्या त्या पत्नी होत.’

‘सर्व्हाइव्ड बाय’ची अडचण शब्दाची नसून वाक्यरचनेची आहे. इंग्रजी वाक्याचा कर्ता मृत व्यक्ती असते, मराठीत मागे राहिलेला परिवार कर्ता होतो आणि क्रियापद वर्तमानकाळात येते : ‘त्यांच्यामागे’ किंवा ‘त्यांच्या पश्चात… असा परिवार आहे’. येथे ‘होता’ लिहिले, तर परिवारही गेला असा अर्थ निघतो. इंग्रजी निवेदनात प्रत्येकाचे नाव, कंसात जोडीदार आणि गाव असते, मराठी वार्तेत मात्र नाती मोजली जातात. म्हणून नावे गाळून नात्यांचीच यादी करावी. ‘दोन मुले’ यात मुलगीही येऊ शकते, त्यासाठी ‘दोन मुलगे’ असेच लिहावे. नातवंडांच्या मुलांना ‘पतवंडे’ हा शब्द आहे.

यादीत ‘ब्रदर-इन-लॉ’ असेल, तर मात्र शब्दकोश उपयोगी पडणार नाही. तो आत्याबाईंचा दीर असेल किंवा बहिणीचा नवरा, हे घरी विचारूनच कळेल. मी एकदा न विचारता ‘मेहुणे’ लिहिले होते. ते दीर निघाले, आणि छापून आलेल्या अंकासह त्यांच्या मुलाचा फोन आला.

‘प्रीडिसीज्ड बाय’ म्हणजे पती आधीच वारले आहेत, याला मराठी वार्तेत स्वतंत्र वाक्य नसते, पतीच्या नावामागचा ‘कै.’ ते काम करतो. हाच ‘कै.’ आत्याबाईंच्या नावामागे लावू नये, कारण निधनाची बातमी तेच वाक्य देत आहे, ‘कै. अमुक यांचे निधन झाले’ यात माणूस दोनदा जातो. जाहिरातींत हे सर्रास दिसते, तरी मला ते पटत नाही. विधवेच्या नावामागे ‘गं. भा.’ लावणे हा जुना प्रघात आहे. कुटुंबाचा आग्रह नसेल, तर ‘श्रीमती’ पुरते.

‘पीसफुली’चे ‘शांतपणे निधन झाले’ हे भाषांतर मराठी कानाला खटकते. शांत मृत्यूची कल्पना आपल्याकडे ‘वृद्धापकाळाने’ आणि ‘राहत्या घरी’ या दोन शब्दांतच सामावलेली आहे. मात्र आजार असेल, तर ‘अल्पशा आजाराने’ किंवा ‘दीर्घ आजाराने’ लिहावे, ‘वृद्धापकाळाने’ हे कारण आपल्या मनाने घालू नये. ‘प्राणज्योत मालवली’ ही पुढाऱ्यांच्या बातमीतली भाषा आहे, ती घरच्या माणसासाठी जड होते.

वयाबाबत एक बारीक चूक हमखास होते. ‘एज्ड ८२’ म्हणजे ८२ वर्षे पूर्ण झालेली, ‘वयाच्या ८२व्या वर्षी’ म्हणजे काटेकोर अर्थाने ८१ पूर्ण होऊन ८२वे चालू. म्हणून ‘त्या ८२ वर्षांच्या होत्या’ हेच नेमके आहे. तारीखही न्यू जर्सीची घ्यावी, कारण तेथे मंगळवारची रात्र असताना सांगलीत बुधवार उजाडलेला असतो आणि फोन आल्याची तारीख चुकून वार्तेत पडते.

देणगीचे वाक्य वार्तेत बहुधा गाळले जाते. ते हवेच असेल, तर जाहिरात द्यावी आणि तीत लिहावे : ‘कृपया पुष्पहार आणू नयेत, त्याऐवजी (संस्थेचे नाव) या संस्थेस देणगी द्यावी, ही विनंती.’