दोन तुकड्यांची एकत्र सरासरी आणि क्रेडिटवाला एसजीपीए

प्रश्न: "अ तुकडीत ६० मुलं, सरासरी ५२. ब मधे २० मुलं, सरासरी ७२. मी दोन्हींची बेरीज भागिले २ केली, ६२ आलं, सर म्हणतात ५७. एसजीपीएचंही तसंच. गणित ४ क्रेडिट ६ पॉइंट, फिजिक्स ३ क्रेडिट ७, प्रॅक्टिकल १ क्रेडिट १०. मला ७.६७ येतंय, मार्कशीटवर ६.८८. का?"

उत्तर:
सर बरोबर आहेत आणि मार्कशीटही. सरासरी म्हणजे एकूण मार्क भागिले एकूण मुलं, एवढं एकच धरून ठेव. अ चे एकूण मार्क ६० × ५२ = ३१२०, ब चे २० × ७२ = १४४०, मिळून ४५६०, मुलं ८०, भागलं की ५७. तू २ ने भागलंस तेव्हा ब मधल्या २० जणांना अ मधल्या ६० जणांइतकंच वजन दिलंस, म्हणून उत्तर वर सरकलं. दोन्ही तुकड्यांत मुलांची संख्या सारखी असती, किंवा दोघांची सरासरीच सारखी असती, तर तुझी पद्धत चालली असती, फक्त तेव्हाच.

आता ताळा कसा करायचा ते बघ, कारण "उत्तर ५२ आणि ७२ च्या मधे आहे ना" एवढ्याने भागत नाही, ६२ पण मधेच आहे. अंतरं मोज. ५७ पासून अ ५ ने खाली, ब १५ ने वर. ६० × ५ = ३०० आणि २० × १५ = ३००, दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे बरोबर. ६२ घेऊन करून बघ, ६०० आणि २०० येतात, तिथेच चूक पकडली जाते.

एक गोष्ट मात्र सरांना नक्की विचार, ५२ ही सरासरी पटावरच्या मुलांची की परीक्षेला बसलेल्यांची? समजा अ मधे ५ गैरहजर होते आणि सरासरी बसलेल्या ५५ जणांचीच काढलीय, तर गुणायचं ५५ ने आणि भागायचं ७५ ने, उत्तर ५७.३३ येईल. पेपरात असं सहसा येत नाही, पण खऱ्या निकालात लोक इथेच गडबडतात.

एसजीपीएमधे मुलांच्या जागी क्रेडिट ठेव, बाकी काही बदलत नाही. ४ × ६ = २४, ३ × ७ = २१, १ × १० = १०, बेरीज ५५, क्रेडिट ८, म्हणजे ६.८७५, तेच मार्कशीटवर ६.८८ छापलंय. प्रॅक्टिकलमधले १० बघायला भारी वाटतात पण ते ८ पैकी एकाच क्रेडिटवर आहेत, गणितातले ६ मात्र ८ पैकी ४ क्रेडिटवर बसलेत. म्हणून गणितात एक पॉइंट वाढला असता तर एसजीपीए ०.५ ने वाढला असता, फिजिक्समधे वाढला असता तर ०.३७५ ने.

पुढे सीजीपीए काढशील तेव्हा दोन सेमिस्टरचे एसजीपीए मिळवून २ ने भागू नकोस, सेमिस्टरचे क्रेडिट वेगळे असले की परत हेच होणार. प्रत्येक एसजीपीए त्या सेमिस्टरच्या क्रेडिटने गुण, बेरीज कर आणि एकूण क्रेडिटने भाग.