सबटायटल्स आणि माझी सोळा उत्तरं

प्रश्न: जर्मनची ए2 संपत आलीये. पिक्चर बघून लिसनिंग सुधारायचंय. कुठल्या लेव्हलचे बघावेत आणि सबटायटल्स कधी बंद करावेत?

बी1 च्या ऐकण्याच्या पेपरात मला 100 पैकी 53 पडले होते. पास व्हायला 60 लागतात. 30 प्रश्नांपैकी माझे 16 बरोबर, म्हणजे दोन प्रश्नांनी घात केला. वाचन, लेखन, बोलणं तिन्ही पास. त्याआधीचे चार महिने मी रोज रात्री जेवण झाल्यावर एक जर्मन एपिसोड बघत होते, त्यामुळे सगळ्यात जास्त भरवसा नेमका ह्याच पेपरावर होता.

दिवाळीला ही गोष्ट सगळ्या घरासमोर निघाली. माझा मावसभाऊ स्टुटगार्टला असतो. चकली मोडता मोडता म्हणाला, "सबटायटल्स लावून बघत होतीस ना? मग कान कशाला काम करेल! मी पहिल्या दिवसापासून एकही सबटायटल लावलं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसले, कारण त्याचं अर्धं बरोबर होतं. मी इंग्रजी सबटायटल्स लावत होते. त्यात डोळा इंग्रजी वाचतो, कथा कळते, आणि जर्मन मागे पंख्याच्या आवाजासारखं चालू राहतं. ऐकण्याच्या सरावासाठी इंग्रजी सबटायटल्सचा उपयोग शून्य, ह्यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

मग मी दादाचं ऐकून सगळंच बंद केलं. महिनाभर नुसती बडबड ऐकली. तीनशे वाक्यांमधलं 'आबर' आणि 'गेनाऊ' तेवढं ओळखू यायचं. जे कळत नाही ते पुन्हा पुन्हा ऐकून कळायला लागत नाही, त्याची फक्त सवय होते.

तिसरी चूक मी स्वतःच्या डोक्याने केली. पाठ झालेली एक अमेरिकन मालिका जर्मन डबिंगमध्ये लावली आणि सबटायटल्सही जर्मन. पात्र बोलतंय एक, खाली लिहिलंय दुसरंच. मला वाटलं माझाच कान गेला. खरं कारण साधं आहे: डबिंगचा मजकूर ओठांच्या हालचालीत बसवतात, सबटायटल्सचा मजकूर वाचायला वेळ पुरेल असा करतात, आणि बहुतेक वेळा ती दोन वेगवेगळी भाषांतरं असतात. तेव्हा मुळात जर्मनमध्येच केलेलं काहीतरी घ्या, आणि त्याचे कमी ऐकू येणाऱ्यांसाठी केलेले जर्मन सबटायटल्स लावा. ते बोलण्याच्या बरेच जवळ असतात. 'डोख', 'माल', 'हाल्ट' असले बारके शब्द गाळतात, तेवढं चालवून घ्या.

लेव्हलचं म्हणाल तर आवाज पूर्ण बंद करून तीन मिनिटं नुसते जर्मन सबटायटल्स वाचा. दर दुसऱ्या वाक्याला अडखळत असाल तर तो पिक्चर तुमचा नाही. जे वाचून कळत नाही ते ऐकून कळणार नाही, आणि तिथे कानाला दोष देण्यात अर्थ नाही. ए2 ला सरळ डॉयचे वेलेचं 'निकोस वेग' घ्या. ते शिकणाऱ्यांसाठीच केलंय, फुकट आहे आणि ए1 ते बी1 अशा पायऱ्यांत आहे. त्यानंतर लहान मुलांचे माहितीपर कार्यक्रम, कारण चित्रात जे चाललंय तेच निवेदक सांगत असतो. पोलिसांच्या मालिका नकोत. त्यांत अर्धे लोक पुटपुटतात आणि उरलेले बोलीत बोलतात.

आता सबटायटल्स काढायचं. सगळे म्हणतात आधी लावा, मग काढा. मी उलट सांगते. दोन-तीन मिनिटांचा तुकडा घ्या आणि पहिल्यांदा सबटायटल्सशिवाय ऐका. काय कळलं ते वहीत मराठीत दोन ओळी लिहा. मग जर्मन सबटायटल्स लावून तोच तुकडा बघा आणि फक्त अशी वाक्यं खुणा करून ठेवा, जी वाचल्याबरोबर कळली पण ऐकताना निसटली होती. तुमचं खरं काम तेवढंच. माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त काय निघालं, तर 'हाबेन वीर'. पडद्यावर दोन शब्द, कानावर 'हामवा'. 'हास्ट डू'चं 'हास्टं'. 'आइने'चं नुसतं 'नं'. हे शब्द मला पहिल्या महिन्यापासून येत होते, फक्त ह्या अवतारात कधी भेटले नव्हते. असं वाक्य वेग थोडा कमी करून तीन-चारदा ऐका, स्वतः तसंच बोला, आणि शेवटी सबटायटल्स काढून सलग ऐका.

आधी वाचण्याचं आणखी एक नुकसान आहे. जर्मन क्रियापदाचा तुकडा वाक्याच्या शेवटी येतो. 'एर ह्योर्ट मॉर्गेन बाय उन्स आउफ' ह्यात 'ह्योर्ट'पाशी वाटतं की तो काहीतरी ऐकतोय. शेवटचं 'आउफ' आलं की कळतं, तो उद्यापासून आमच्याकडचं काम सोडतोय. ऐकताना शेवटापर्यंत वाक्य धरून ठेवावं लागतं. सबटायटलमध्ये 'आउफ' डोळ्याला आधीच दिसतं, म्हणजे कोडं सुटलेलंच हातात मिळतं. आपल्या मराठीतही क्रियापद शेवटीच असतं, तरी वाचायची सोय असली की आपण वाट बघत नाही.

कायमचे बंद कधी करायचे? नवा तुकडा सबटायटल्सशिवाय ऐकून तुम्ही लिहिलेल्या दोन ओळी सबटायटल्स बघितल्यावर बदलाव्या लागत नसतील, आणि नवीन कळतंय ते फक्त एखादं नाव किंवा विनोद, असं सलग पाच-सहा तुकड्यांत झालं, की त्या मालिकेपुरते बंद करा. त्या मालिकेपुरतेच हं. दुसरी मालिका घेतली, माणसं बदलली, की परत वही काढायची. मला ह्यात दहा आठवडे गेले, रोज अर्धा तास. फक्त ऐकण्याचा पेपर पुन्हा दिला आणि पास झाले.

परीक्षा द्यायची असेल तर एक राहिलंच: पेपरात चित्र नसतं. पिक्चरमध्ये चेहरा बघून निम्मं कळतं, म्हणून शेवटचे दोन आठवडे स्क्रीन उलटी ठेवून नुसतं ऐका. काही भाग एकदाच ऐकवतात, तेव्हा परत ऐकायची सवय तेवढ्यापुरती मोडावी लागते. आणि करमणुकीसाठी बघत असाल तर वाटेल ते सबटायटल्स लावा, हे सगळं सोडून द्या.

पुढे दोन वर्षांनी दादाकडे स्टुटगार्टला गेले होते. रविवारी सव्वाआठला 'टाटोर्ट' ही पोलिसांची मालिका लागली, खास बव्हेरियन बोलीवाली. खाली जर्मन सबटायटल्स. मी दादाकडे बघितलं. "तुझ्या वहिनीसाठी लावलेत," म्हणाला.

आतून वहिनीचा आवाज आला, "मी कुठे बघतेय?"