सिझेरियनच्या टाक्यांतून पाणी येतंय, थांबू की दाखवू?

"सिझेरियनला आज आठवा दिवस. टाक्यांच्या उजव्या टोकाला कपडा ओलसर होतो, पिवळट डाग पडतो. ताप नाही. घरचे म्हणतात, जखम भरताना एवढं चालायचंच. थांबू की दाखवू?"

आजच दाखवा, असं त्यांना सांगितलं. पण नुसत्या डागामुळे नाही. पहिल्या काही दिवसांत टाक्यांवर गुलाबी किंवा पाण्यासारखे दोन-चार थेंब दिसू शकतात. खरी खूण असते दुखण्याच्या चालीत. भरणारी जखम रोज थोडी कमी दुखते. या बाई पाचव्या दिवशी आधाराशिवाय उठत होत्या, आणि परवा रात्रीपासून कूस बदलताना त्याच टोकाला ठणका लागायला लागला होता. कमी झालेलं दुखणं उलटलं, की जंतुसंसर्गाची शंका घ्यायची. सिझेरियननंतर तो बहुतेकदा चौथ्या दिवसानंतर, म्हणजे घरी आल्यावरच दिसतो.

'ताप नाही' याचाही उलगडा झाला. दिवसातून तीनदा पॅरासिटामॉल चालू होतं, त्यात ताप झाकला जातो. पुढची गोळी घ्यायच्या आधी मोजायला सांगितलं. 100.6 भरला. 100.4 फॅरनहाइटपासून पुढे ताप धरतात.

मग आरशात बघून लालीच्या कडेने पेनाने रेघ मारायला सांगितली. टाक्यांना चिकटून असलेली बारीक लाल कड चालते. इथे लाली दोन बोटं बाहेर गेली होती, हाताची मागची बाजू लावली तर तिथे गरम लागत होतं. पांढऱ्या गॉजवर टिपलेला स्राव दाट, गढूळ आणि वास येणारा होता.

डॉक्टरांनी त्या टोकाचा टाका सोडून पू बाहेर काढला, तपासणीसाठी नमुना घेतला, आतला थर शाबूत असल्याची खात्री केली आणि पोकळीत गॉज भरलं. 'उघडी का ठेवली?' म्हणून घरचे घाबरले. वरून लगेच शिवली तर पू आत कोंडतो, म्हणून अशी जखम तळातून भरू देतात. अंगावर पाजत असल्याचं सांगितल्यावर चालतील अशीच अँटिबायोटिक्स मिळाली, पाजणं थांबलं नाही.

नॉर्मल डिलिव्हरीतले खालचे टाके असतील तर बाळंतपणाचा स्राव आणि जखमेचा स्राव यांत गल्लत होते. तिथेही दुखण्याची चालच बघा. बसताना दुखणं वाढत गेलं, दुर्गंधी आली किंवा आरशात कडा फाकलेल्या दिसल्या तर दाखवा.

थंडी वाजून ताप, तासातासाला पसरणारी लाली, काळीनिळी कातडी किंवा सहन न होणारी कळ असेल तर मध्यरात्रीही निघा.

महिन्याभराने त्यांचा परत फोन आला: टाक्यांच्या वर बधिर लागतं, खाली दोरीसारखं कडक लागतं. या वेळी मात्र थांबायला सांगितलं. बधिरपणा आणि तो कडकपणा काही महिने राहतोच.