पेट्रोलमध्ये रॉकेल का चालत नाही?

प्रश्न: गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल, डांबर सगळं एकाच कच्च्या तेलातून निघतं, मग पेट्रोलमध्ये थोडं रॉकेल मिसळलं तर काय बिघडतं?

उत्तर: बिघडतं ते उकळण्याच्या तापमानामुळे. कच्चं तेल साधारण ३५० अंशांपर्यंत तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. वाफ वर जाताना थंड होते आणि जो भाग जिथे द्रवरूप होतो तिथूनच तो काढून घेतात. स्वयंपाकाचा गॅस शून्याच्या खालीच उकळतो, म्हणून तो दाबाखाली सिलिंडरमध्ये भरावा लागतो.

पेट्रोल साधारण ३० ते २०० अंशांत उकळतं, रॉकेल १५० ते ३०० च्या आसपास. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडण्याआधी इंधनाची वाफ व्हायला हवी. रॉकेलचा जड भाग तसाच ओला राहतो, सिलिंडरच्या भिंतीवरचं वंगण धुतो, खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करतो. शिवाय नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी आपोआप पेटून इंजिनात ठकठक होणं, वाढतं ते वेगळंच. फिल्टर पेपरवर थेंब टाकून पाहा: शुद्ध पेट्रोल डाग न ठेवता उडतं. अर्थात, थोडी भेसळ यात निसटू शकते.

डिझेल याहून जड. त्याला ठिणगी लागतच नाही, दाबून तापलेल्या हवेत ते आपोआप पेटतं. मनोऱ्याच्या तळाचा गाळ मात्र आणखी तापवला तर रेणू तुटून कोळसा धरतो, म्हणून तो निर्वातात उकळतात, तिथे तो कमी तापमानालाच उकळतो. उरतं ते डांबर.